महेश्वरच्या लग्नाची तारीख सहा महिने आधी कशी कळवावी

माझ्या पुतणीचं लग्न 23 नोव्हेंबर 2025 ला, रविवारी, महेश्वरला ठरलं. आम्ही इंदूरचे, मुलाकडचे पुण्याचे, आणि नातेवाईक बडोदा, ग्वाल्हेर, नागपूर, मुंबई असे विखुरलेले. एक भाचा अमेरिकेत. याद्या आणि निरोप हे काम घरात माझ्याकडे आलं. मुलांनी एक देखणं चित्र तयार केलं: नर्मदेचा घाट, मावळतीचा सूर्य, दोघांची नावं, आणि खाली "23 नोव्हेंबर, महेश्वर, तारीख राखून ठेवा". पाठवण्याआधी ते चार जणांना वाचून दाखवावं, असं मला वाटलं.

बरं झालं दाखवलं. पुण्याच्या एका मावशींनी फोनवर "महाबळेश्वर" ऐकलं आणि थंडीचे कपडे किती आणायचे ते विचारलं. नागपूरच्या दिरांचं म्हणणं असं की रविवारचं लग्न आहे, म्हणजे रजेचा प्रश्नच नाही. बडोद्याच्या वन्सं म्हणाल्या, "महेश्वरला स्टेशन कुठलं?" आणि भाच्याला फक्त एकच हवं होतं, नक्की किती दिवस काढायचे. चित्रात या चारांपैकी एकाचंही उत्तर नव्हतं.

आगाऊ निरोपाचा उपयोग दोनच गोष्टींसाठी असतो. वाचणाऱ्याला साहेबाकडे रजा मागता आली पाहिजे आणि तिकीट काढता आलं पाहिजे. हा निरोप आम्ही कसा बांधत गेलो ते क्रमाने सांगते. तारखा आमच्या लग्नाच्या आहेत, पण हिशोबाची पद्धत तुम्हाला तुमच्या तारखेला लावता येईल.

निरोपाआधी काय पक्कं हवं

गुरुजींनी काढलेला मुहूर्त दोन्ही घरांनी मान्य केलेला हवा आणि जागेची आगाऊ रक्कम भरून पावती हातात हवी. यातलं एक जरी अर्धवट असेल तर थांबा. लोक तिकीट काढून बसल्यावर तारीख हलली तर त्यांचे पैसे जातात, आणि दुसऱ्या निरोपावर कुणी पटकन विश्वास ठेवत नाही. आम्ही पावती मिळाल्यावर, 18 मे ला निरोप पाठवला. लग्नाला तेव्हा बरोबर 27 आठवडे होते. यापेक्षा उशीर केला असता तर दिवाळीचं गणित बिघडलं असतं. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होतं. बाहेरगावच्या माणसाला दिवाळीला घरी यायचं की महिन्याभराने लग्नाला यायचं, की दोन्हीला, हे रजा शिल्लक असतानाच ठरवावं लागतं.

तिसरी गोष्ट यादी, आणि ती सगळ्यात नाजूक. बाहेरगावच्या लग्नात खोल्या मोजक्या असतात. महेश्वरला आमच्या हाती 46 खोल्या होत्या. एका खोलीत सरासरी तीन धरले तर 138 माणसं, त्यात मुलाकडची निम्मी. म्हणजे आमच्या बाजूने 69. इंदूरच्या नुसत्या स्नेह्यांचीच यादी त्याच्या तिप्पट होती. म्हणून दोन याद्या केल्या, एक महेश्वरची आणि एक इंदूरच्या स्वागतसमारंभाची. आगाऊ निरोप फक्त पहिल्या यादीला गेला. ज्याला तो निरोप जातो त्याला लग्नाला बोलावणं भागच असतं. ऑगस्टमध्ये खोल्या कमी पडल्या म्हणून एखाद्याला गाळणं म्हणजे आयुष्यभराचा रुसवा.

"सहकुटुंब" हा शब्दही पहिल्या निरोपात टाळा. पत्रिकेत तो शोभतो, पण खोल्या मोजताना एका घराचा अर्थ दोन माणसं होतो आणि दुसऱ्याचा लेक, जावई, नातवंडं धरून नऊ. त्याऐवजी प्रत्येक घराला आम्ही नावं घेऊनच लिहिलं: काका, काकू आणि दोन्ही मुलं. वाचायला जरा रुक्ष वाटतं, पण गैरसमज उरत नाही.

मांडवापासून उलटं मोजत या

लग्नाच्या वेळेवरून लोकांचा प्रवास कळत नाही. त्यासाठी शेवटच्या पंगतीपासून मोजायला सुरुवात करावी लागते.

महेश्वरला रेल्वे नाही. सगळ्यांनी इंदूरला उतरायचं आणि पुढे मानपूर, धामनोद करत रस्त्याने जायचं. अंतर सुमारे 90 किलोमीटर. मोकळ्या रस्त्याला दोन-सव्वादोन तास, पण वाटेत घाट आहे, ट्रकची वर्दळ आहे आणि वऱ्हाडाची बस चहाला थांबतेच. आम्ही तीन तास धरले. मुहूर्त सकाळी अकराच्या सुमाराचा. जेवणं अडीचपर्यंत, मग विहीण-व्याह्यांचा निरोपसमारंभ आणि मुलीची पाठवणी. चारच्या आधी बस हलणार नाही हे उघड होतं. म्हणजे इंदूर संध्याकाळी सात.

आता इंदूरहून निघणाऱ्या गाड्या पाहिल्या. पुण्याची गाडी दुपारी सुटते. मुंबईची अवंतिका संध्याकाळी, पण आमची बस पोचायच्या आधीच. नागपूरची वंदे भारत भल्या सकाळी निघते आणि रविवारी धावतच नव्हती. थोडक्यात, रविवारी महेश्वरचं जेवण जेवून त्याच दिवशी या गाड्या पकडणं कुणालाच शक्य नव्हतं. हे मे महिन्यात लक्षात आलं म्हणून बरं. नाहीतर लोकांनी सवयीने रविवारचं परतीचं तिकीट काढलं असतं आणि मुहूर्त लागल्या लागल्या अर्धा मांडव गाड्या शोधायला बाहेर पडला असता.

मग रविवारी रात्रीचा मुक्काम इंदूरला ठेवला. रामबागेतल्या दोन घरांत आणि जवळच्या एका लॉजमध्ये सोय केली आणि परतीचा दिवस सोमवार 24 जाहीर केला. यातून प्रत्येक गावाचा रजेचा हिशोब वेगळा निघाला, आणि तो निरोपात घालणं ही आमची सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट ठरली.

पुणेकर रेल्वेने आले तर शुक्रवारी दुपारी निघून शनिवारी सकाळी इंदूरला. परतताना सोमवारी दुपारी निघून मंगळवारी सकाळी पुण्यात. त्यांची शुक्रवार आणि सोमवार अशी दोन दिवसांची रजा, मंगळवारी ऑफिसला थोडा उशीर. विमानाने आले तर फक्त सोमवारची, आणि रात्री साडेनऊनंतरचं विमान मिळालं तर तीही नाही. नागपूरकरांना वंदे भारत शुक्रवारी दुपारी पकडायची आणि मध्यरात्रीच्या जरा आधी इंदूरला उतरायचं. शुक्रवारी अर्धी रजा, सोमवारी पूर्ण. ग्वाल्हेरहून रात्रभराची गाडी आहे, त्यामुळे त्यांना फक्त सोमवार. दिरांचा "रविवार आहे, रजेचा प्रश्न नाही" हा समज इथे मोडला. रेल्वेने येणाऱ्या सगळ्यांनाच सोमवारची रजा लागणार होती.

भाच्याचं वेगळंच निघालं. अमेरिकेतली थँक्सगिव्हिंगची सुट्टी नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, म्हणजे त्या वर्षी 27 तारखेला होती. लग्नानंतरच्या चार दिवसांनी. त्याने पुढच्या आठवड्याची रजा त्या सुट्टीला जोडून घेतली. पण त्याच कारणाने त्या काळात विमानाचे दर चढतात, म्हणून त्याला "आताच काढ" असं स्पष्ट सांगितलं. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने उरते का, आणि तिथे जन्मलेल्या लेकीचं ओसीआय झालं आहे का, हेही त्याला मे मध्येच विचारलं. ही कामं आयत्या वेळी होत नाहीत.

तिकीट कधी उघडतं

इथे बहुतेकांचं चुकतं, कारण मोठ्यांच्या डोक्यात अजून चार महिन्यांचा नियम आहे. रेल्वेचं आगाऊ आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी उघडायचं. 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवस झालं, आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. म्हणजे मे मध्ये निरोप मिळाला म्हणून जूनमध्ये कुणी तिकीट काढायला गेलं तर यादीत त्याला गाडीच दिसणार नाही. "गाडी बंद झाली वाटतं" असा फोन आम्हाला आलाही. म्हणून निरोपातच तिकीट उघडण्याची तारीख लिहायची.

मोजायची सोपी रीत अशी. प्रवासाच्या तारखेपासून दोन महिने मागे जा. मधले दोन महिने मिळून 61 दिवसांचे असतील तर एक दिवस पुढे या, 62 दिवसांचे असतील तर दोन दिवस. आमचं 21 नोव्हेंबर: दोन महिने मागे 21 सप्टेंबर, मधे 61 दिवस, म्हणून आरक्षण 22 सप्टेंबरला सकाळी 8 वाजता. परतीचं 24 नोव्हेंबर, म्हणून 25 सप्टेंबर. मार्चमधल्या प्रवासाला मात्र उलटं होतं. मधे फेब्रुवारी येतो, लीप वर्ष नसेल तर दोन महिने 59 दिवसांचेच भरतात, म्हणून एक दिवस मागे जायचं.

एक बारकावा बडोद्याच्या लोकांसाठी. दिवसांची मोजणी गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेवरून होते, तुम्ही चढता त्या तारखेवरून नाही. मुंबईहून संध्याकाळी सुटणारी गाडी बडोद्याला मध्यरात्रीच्या आसपास येते. शुक्रवारी 21 ला मुंबईहून निघालेल्या गाडीत कुणी बडोद्याला बारानंतर चढलं तर त्याच्या तिकिटावर 22 तारीख असते, पण आरक्षण 21 च्या हिशोबाने, एक दिवस आधीच उघडलेलं असतं. वन्संना आम्ही निरोपात लिहिलं: "तुमची गाडी शुक्रवारी मुंबईहून सुटते, तिकीट काढताना चढण्याची तारीख नीट पाहा." मध्यरात्रीच्या गाडीत बरोबर एक दिवस चुकलेलं तिकीट घेऊन फलाटावर उभी राहिलेली माणसं मी आमच्याच घरात पाहिली आहेत.

ऑनलाइन काढणाऱ्यांनी आणखी एक तयारी आधी करावी. 1 ऑक्टोबर 2025 पासून आरक्षण उघडल्यानंतरचा सुरुवातीचा वेळ फक्त आधारने पडताळलेल्या खात्यांसाठी राखलेला असतो, आणि ही राखीव वेळ पुढे आणखी लांबवली गेली. खातं जोडायचं काम निरोप मिळाल्या आठवड्यात उरकून टाका, त्या सकाळी साडेसातला नको.

आणि वडीलधाऱ्यांचं तिकीट मुलांच्या तिकिटात गुंफू नका. 60 च्या पुढचे पुरुष आणि 45 च्या पुढच्या स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे, पण तो एका तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी असतील तेव्हा मिळतो. सहा जणांचं एकत्र तिकीट काढलं की आजींना वरचा बर्थ येतो आणि मग रात्रभर अदलाबदलीची विनवणी. आजी-आजोबांचं तिकीट दोघांचं वेगळं, त्याच गाडीचं, आधी काढायचं.

जुन्या आठवणींबद्दलही एक ओळ लागते. अकोला-खंडव्याकडच्या आमच्या नातेवाइकांना खंडव्याहून महू-इंदूरला येणारी छोटी लाइन आठवते. रुंदीकरणाच्या कामासाठी ती बंद केली गेली आहे. खंडव्याला उतरून महेश्वर रस्त्याने शंभराहून जास्त किलोमीटर पडतं. तिकडून दहा-बारा माणसं एकत्र येणार असतील तरच वेगळी गाडी पाठवता येते, नाहीतर त्यांनीही इंदूरलाच यावं हे स्पष्ट सांगा.

शब्द

आमच्या आत्यांची हरकत पहिल्याच दिवशी आली: "देवापुढे अक्षत ठेवली नाही आणि आमंत्रण कसलं पाठवता?" हरकत योग्य होती. इंदूरच्या घरांत पहिली पत्रिका खजराण्याच्या गणपतीला, मग कुलदैवताला, मग माणसांना. आगाऊ निरोप पत्रिकेसारखा दिसला तर हा क्रम मोडतो. म्हणून पहिल्या ओळीतच सांगितलं की ही पत्रिका नाही. आत्यांचंही समाधान झालं, आणि ज्यांना नंतर छापील पत्रिका मिळाली त्यांना "आता पुन्हा कशाला" असंही वाटलं नाही.

शेवटी गेलेला मजकूर असा होता:

> ॥ श्री गजानन प्रसन्न ॥
>
> सा. न. वि. वि.
>
> चि. सौ. कां. ______ आणि चि. ______ यांचा विवाह ठरला आहे. ही पत्रिका नाही. अक्षत देऊन रीतसर आमंत्रण दिवाळीनंतर करूच. आपल्याला रजा आणि तिकिटं वेळेवर मिळावीत म्हणून तारीख आधी कळवत आहोत.
>
> विवाह: रविवार, 23 नोव्हेंबर 2025, सकाळी.
>
> गाव: महेश्वर, नर्मदाकाठ, जिल्हा खरगोन, मध्य प्रदेश. उतरायचं इंदूरला. तिथून 90 किमी, बसने नेऊ.
>
> पोचावं: शनिवार 22 ला दुपारी 12 पर्यंत इंदूरला. शनिवारी संध्याकाळी सीमांतपूजन आणि हळद महेश्वरला आहे. शुक्रवारी रात्री येणाऱ्यांची इंदूरला सोय आहे.
>
> परत: सोमवार 24 ला इंदूरहून. रविवारी रात्रीच निघायचं असेल तर साडेनऊनंतरचंच तिकीट काढावं.
>
> रजा: सोमवार 24 ची सर्वांना लागेल. पुण्याहून रेल्वेने येणाऱ्यांना शुक्रवार 21 चीही.
>
> रेल्वे आरक्षण: शुक्रवार 21 चं 22 सप्टेंबरला, सोमवार 24 चं 25 सप्टेंबरला, सकाळी 8 वाजता उघडेल. त्याआधी मिळणार नाही. विमानाचं आताही काढता येईल.
>
> इंदूरपर्यंतचा प्रवास आपला. इंदूरला उतरल्यापासून परतीच्या गाडीत बसेपर्यंतची सगळी व्यवस्था आमची.
>
> आपल्याकडून काका, काकू आणि दोन्ही मुलं अशी चौघांची वाट पाहत आहोत. किती जण, कुठून, रेल्वेने की विमानाने, एवढं 15 जूनपर्यंत कळवावं.

खर्चाची ओळ लिहिताना घरात सगळ्यात जास्त चर्चा झाली. प्रवासखर्च कुणाचा हे लिहायला संकोच वाटतो, म्हणून लोक ते सोडून देतात. मग एखादे काका तिकिटाची पावती जपून ठेवतात आणि एखादी मावशी खोलीचे पैसे पडतील या भीतीने येतच नाही. "इंदूरपर्यंतचा प्रवास आपला" म्हटल्यावर पुढच्याच वाक्यात आपण काय करणार ते आलं की आधीचं वाक्य टोचत नाही. ज्या दोन घरांना तिकीट परवडणार नव्हतं त्यांचं आम्ही वेगळं, फोनवर बोललो आणि आपणच काढून दिलं. ते निरोपात येण्याचं कारण नाही.

हॉटेलचं नाव मुद्दाम घातलं नाही. ते घातलं की लोक परस्पर फोन करून खोली मागतात, आणि ज्या खोल्या आपल्या नावावर धरलेल्या असतात त्यांचा घोळ होतो. मुहूर्ताची मिनिटंही नकोत. ती पत्रिकेत येतात. इथे "सकाळी" पुरे, कारण रविवारी सकाळी येणारी गाडी चालणार नाही, एवढंच त्यातून कळायला हवं.

वारासकट तारीख मात्र दरवेळी लिहा. वार आणि तारीख जुळत नसतील तर वाचणारा विचारतो, आणि छापण्यातली चूक सापडते. नुसती तारीख चुकली तर ती कुणाच्याच लक्षात येत नाही.

पाठवायचा कुणी, कसा

मुलांचं चित्र आम्ही टाकून दिलं नाही. चित्र आधी आणि त्याखाली वेगळा मजकूर असं पाठवलं. चित्रातली अक्षरं उचलून रजेच्या अर्जात टाकता येत नाहीत, पुढे पाठवताना ती धूसर होतात आणि चष्म्याच्या माणसाला वाचवत नाहीत. मजकूर मात्र तसाच्या तसा फिरतो.

सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना आधी फोन, मग निरोप. मोठ्या आत्यांना लग्नाची बातमी भावाच्या तोंडून आधी कळायला हवी, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून नाही. आम्ही शनिवारी संध्याकाळी अकरा फोन केले आणि रविवारी सकाळी निरोप पाठवला. फोनवर "महेश्वर, अहिल्याबाईंचं महेश्वर" असं म्हटलं की महाबळेश्वर कुणालाच ऐकू येत नव्हतं. घाटाच्या पायऱ्यांचंही तेव्हाच सांगितलं. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना खाली उतरावं लागू नये म्हणून विधी वरच्या अंगणात ठेवले आहेत, हे ऐकून दोन मावश्यांनी येण्याचं नक्की केलं.

ग्रुपवर टाकलं नाही, एकेकाला पाठवलं. ग्रुपवर इंदूरच्या यादीतलेही होते, आणि प्रत्येक घराची नावं वेगळी होती.

सुरक्षेची एक गोष्ट. लग्नपत्रिकेच्या नावाखाली .apk फाइल पाठवून फोनमधून पैसे काढण्याचे प्रकार झाले आहेत. आमच्या निरोपाच्या शेवटी एक ओळ होती: "आमच्याकडून फक्त चित्र आणि मजकूर येईल. कुठलीही फाइल उघडायला किंवा ॲप टाकायला आम्ही सांगणार नाही." घरातल्या ज्या नंबरवरून फोन केला त्याच नंबरवरून निरोप गेला, नवीन नंबरवरून नाही.

उत्तरं आणि आठवण

मुलांचा आग्रह ऑनलाइन फॉर्मचा होता. तो फॉर्म नऊ जणांनी भरला, बाकीच्यांनी "येतो हो" एवढंच लिहिलं. "येतो हो" यातून खोली ठरत नाही. मग प्रत्येक गावाला एक माणूस नेमला. पुण्याला माझा भाऊ, बडोद्याला वन्संची सून, नागपूरला दिरांची लेक, ग्वाल्हेरला एक चुलतभाऊ. आपल्या गावाची माहिती गोळा करून ती मला एकदम सांगायची, आणि माझ्याकडून काही बदललं तर तिकडे सांगायचं. मी फक्त चार जणांशी बोलत होते, म्हणून वहीत खाडाखोड झाली नाही. वहीत प्रत्येकाला एक ओळ: नाव, कुठून, कशाने, इंदूरला कधी, परत कधी, खालचा बर्थ किंवा तळमजल्याची खोली हवी का.

15 जूनला 69 पैकी 58 जणांची उत्तरं आली होती. उरलेल्यांना मुदत 30 जूनपर्यंत वाढवून दिली आणि त्यानंतर विचारणं थांबवलं. जुलैमध्ये खोल्यांचा नकाशा झाला. जी नक्की येणार नाहीत त्यांच्या जागा मुलाकडच्यांना दिल्या.

आठवणीच्या निरोपाची वेळ आम्ही मे मध्येच पंचांग पाहून ठरवली होती, आणि नसती ठरवली तर मोठी अडचण झाली असती. आरक्षण 22 सप्टेंबरला उघडणार होतं, आणि तो दिवस घटस्थापनेचा. सकाळी आठला घरोघर घट बसवण्याची गडबड. आदल्या दिवशी सर्वपित्री अमावास्या, त्याआधीचा पंधरवडा पितृपक्षाचा. त्या दिवसांत लग्नाचा निरोप, तोही गजानन प्रसन्न लिहून, आमच्या घरात कुणी पाठवू दिला नसता. म्हणून आठवणीचा निरोप अनंत चतुर्दशीच्या आत, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेला. त्यात फक्त दोन तारखा आणि "त्या सकाळी तिकीट कोण काढणार ते आजच ठरवा" एवढंच होतं.

21 च्या संध्याकाळी निरोप नव्हता. चार गावांच्या चार माणसांनी आपापल्या घरांना फोन केले, लग्नाचा शब्दही न काढता: "उद्या आठ वाजता तिकीट. पूजा तुम्ही करा, तिकीट मी काढतो." बडोद्याला वन्सं देवघरात बसल्या होत्या आणि त्यांच्या सुनेने बाहेरच्या खोलीत त्यांचं आणि यजमानांचं दोघांचं वेगळं तिकीट काढलं. दोन्ही बर्थ खालचे.